अरबीत शिफारसपत्र कसं लिहितात? डिप्लोमासाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याच्या शिक्षकाला काय माहीत हवं

रियाधचं किंग सौद विद्यापीठ, मक्केचं उम्म अल-कुरा विद्यापीठ, मदिनेचं इस्लामिक विद्यापीठ. या तिन्ही ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांना अरबी शिकवणाऱ्या खास संस्था आहेत. भारतातून अशा अभ्यासक्रमांना अर्ज करणाऱ्यांमध्ये महाराष्ट्रातली मुलंमुलीही असतात. कुणी मदरशात शिकलेलं असतं, कुणी बीएला अरबी विषय घेतलेला असतो. गुणपत्रिका, पासपोर्ट, फोटो ही कागदपत्रं सहज जमतात. गाडी अडते ती एका कागदावर: शिक्षकाचं शिफारसपत्र, आणि तेही अरबीत.

मग काय होतं? कुणीतरी व्हॉट्सॲपवर एक तयार नमुना पाठवतं. त्यात नाव बदललं जातं, शिक्षक सही करतात आणि पत्र रवाना होतं. असं पत्र चालून जातं का? कधी कधी जातं. पण त्यातला एखादा शब्द विद्यार्थ्याच्या विरोधात बोलत असतो आणि ते सही करणाऱ्यालाही ठाऊक नसतं. म्हणूनच हे पत्र नेमकं कसं असतं, त्यात काय लिहितात आणि कुठे घोळ होतो, ते एका उदाहरणासह समजून घेऊया.

(या लेखात अरबी शब्द देवनागरीत, उच्चाराच्या जवळ जाईल अशा रीतीने दिले आहेत. प्रत्यक्ष पत्र अर्थातच अरबी लिपीत असतं.)

आधी बघा: डिप्लोमा कोणता?

आपल्याकडे डिप्लोमा म्हटलं की दहावीनंतरचं पॉलिटेक्निक आठवतं. अरब देशांत हा शब्द देशागणिक आणि ठिकाणागणिक वेगळा अर्थ घेतो. इजिप्तमध्ये 'दिब्लोम' म्हणजे बोलीभाषेत तांत्रिक माध्यमिक शाळेचं प्रमाणपत्र. 'अद-दिब्लोम अल-आली', म्हणजे उच्च डिप्लोमा, हा मात्र पदवीनंतरचा अभ्यासक्रम. आणि 'अरबी न बोलणाऱ्यांसाठी अरबी भाषेचा डिप्लोमा' हा तिसराच प्रकार. तिथे पातळी-चाचणी घेऊन विद्यार्थ्याला योग्य वर्गात बसवतात आणि पायरीपायरीने भाषा शिकवतात.

शिक्षकाने काय लिहायचं हे या फरकावर ठरतं. उच्च डिप्लोमासाठी विषयाचं ज्ञान आणि संशोधनाची तयारी दाखवावी लागते. भाषेच्या डिप्लोमासाठी शिकण्याची क्षमता दाखवावी लागते, आलेली भाषा नव्हे. या लेखात आपण भाषेच्या डिप्लोमाचंच उदाहरण घेणार आहोत, कारण आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचा संबंध त्याच्याशी जास्त येतो.

तौसिया की तजकिया?

अर्जाच्या पानावर या कागदासाठी दोन वेगवेगळे शब्द दिसतात. मराठीत दोन्हींचं भाषांतर 'शिफारसपत्र' असंच होतं. पण दोन्हींत मोठा फरक आहे.

तौसिया म्हणजे शिफारस. 'वसीयत' हा शब्द याच धातूतून आला आहे, आणि एखाद्याची गोष्ट दुसऱ्याच्या हाती सोपवणं हा भाव दोन्हींत आहे. 'खिताब तौसिया' किंवा 'रिसालत तौसिया' मागितलं असेल, तर त्यांना विद्यार्थ्याच्या अभ्यासाबद्दल शिक्षकाचं मत हवं असतं. काय शिकवलं, किती दिवस शिकवलं, विद्यार्थी कसा होता.

तजकिया हा शब्द 'जकात'च्या धातूतला. मूळ अर्थ शुद्ध करणं, वाढवणं. जुन्या काझी-न्यायालयांत साक्षीदार विश्वासू आहे की नाही याची चौकशी होत असे, आणि त्याच्या सचोटीची ग्वाही देणाऱ्याला 'मुजक्की' म्हणत. तो अर्थ आजही या कागदाला चिकटलेला आहे. तजकिया मागितला असेल, तर तो चारित्र्याचा आणि वागणुकीचा जामीन असतो. धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था तो मागतात, आणि तो कुणी द्यावा (एखादी संस्था, ओळखीचे विद्वान) हेही बहुतेक वेळा सांगितलेलं असतं.

म्हणून पहिलं काम हे: अर्जाच्या पानावरचा अरबी शब्द जसाच्या तसा शिक्षकांना दाखवायचा. तजकिया मागितला असताना 'व्याकरणात ८२ गुण' असं पत्र दिलं, तर ते खोटं नसतं, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही नसतं. उलट तौसिया मागितली असताना फक्त 'सद्वर्तनी, नमाजी, नम्र' असं लिहिलं, तर समितीला अभ्यासाबद्दल काहीच कळत नाही.

पत्राचा सांगाडा

अरबी कार्यालयीन पत्राची सुरुवात आणि शेवट ठरलेले असतात. तिथे नवं काही सुचवायचं नसतं. आपल्याकडे 'प्रति, माननीय महोदय, विषय, कळावे, आपला विश्वासू' असतं, तसंच ते.

सर्वात वर संस्थेचा लेटरहेड असतो आणि त्याखाली बिस्मिल्ला. सौदी पत्रांत ती असतेच. एका बाजूला तारीख. मग ज्यांना पत्र लिहायचं त्यांचं पद: 'सआदत अमीद मअहद तालीम अल-लुगा अल-अरबिया लिगैर अन-नातिकीन बिहा, अल-मुहतरम'. अर्थ: अरबी न बोलणाऱ्यांसाठीच्या अरबी भाषा शिक्षण संस्थेचे अधिष्ठाता, महोदय.

यातल्या 'सआदत' या शब्दाकडे लक्ष द्या. सौदी पत्रव्यवहारात पदानुसार आदराचा शब्द बदलतो. अधिष्ठाता, प्राध्यापक, राजदूत यांना 'सआदत'. मंत्र्यांना 'मआली'. धर्मविद्वानांना 'फदीलत'. इजिप्तमध्ये हीच जागा 'अस-सय्यिद अल-उस्ताज अद-दुक्तूर' घेतो. त्यामुळे इजिप्शियन नमुना सौदी संस्थेला पाठवला तर तो चुकीचा ठरत नाही, पण परका वाटतो. आणि अधिष्ठात्यांना मंत्र्यांचा शब्द लावला तर आदर वाढत नाही, नमुना उचलल्याचं तेवढं दिसतं.

त्यानंतर सलाम: 'अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाहि व बरकातुहू', आणि लगेच 'व बअद'. हा छोटा शब्द म्हणजे 'यानंतर'. अभिवादन संपलं, आता मुद्दा सुरू, असं तो सांगतो. इजिप्तमध्ये 'तहिय्या तय्यिबा व बअद' असंही लिहितात. तो विसरला तर पत्र एकदम तुटक वाटतं.

शेवटी ठरलेलं वाक्य: 'व तफद्दलू बिकबूल फाइक अल-इहतिराम वत-तकदीर', म्हणजे 'माझा अत्यंत आदर स्वीकारावा'. त्याखाली नाव, पद, सही (तौकी) आणि शिक्का (खत्म). शिक्क्याला अरब कार्यालयांत आपल्यासारखंच, किंबहुना थोडं जास्तच वजन आहे. नुसती सही असलेलं पत्र खासगी चिठ्ठीसारखं दिसतं.

हे सगळं बरोबर जमलं तरी पत्राचा अर्धाच भाग झाला. सुरुवात आणि शेवट सगळ्यांची सारखीच असल्यामुळे वाचणाऱ्याची नजर सरळ मधल्या परिच्छेदावर जाते.

मधला परिच्छेद: इथेच निकाल लागतो

समजा, मुंबईतल्या एका महाविद्यालयात बीएला अरबी घेतलेली एक विद्यार्थिनी आहे. शिक्षकांनी तिला दोन वर्षं व्याकरण आणि वाचन शिकवलं. वर्गात २२ विद्यार्थी होते आणि व्याकरणात ती तिसरी आली. तिने अरबी वर्तमानपत्रातल्या बातम्या दर आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर उर्दूत उतरवल्या. वाचन चांगलं आहे. बोलताना मात्र अडखळते, कारण वर्गाबाहेर अरबी बोलायला तिला कुणी मिळत नाही.

व्हॉट्सॲपवरच्या नमुन्यात तिच्याबद्दल काय लिहिलेलं असतं? 'ती अत्यंत हुशार, मेहनती, सुशील असून अरबी भाषेवर तिचं उत्तम प्रभुत्व आहे.' हे वाक्य ऐकायला छान आहे, पण दोन कारणांनी नुकसान करतं.

पहिलं कारण असं की अरबी पत्रलेखनाला स्तुतीची सवय आहे. 'मिसालन युहतजा' (आदर्श), 'मुतमय्यिजा' (विशेष गुणी), 'मुज्तहिदा' (मेहनती) हे शब्द जवळपास प्रत्येक पत्रात असतात. सगळ्याच पत्रांत तेच असेल तर वाचणारा ते ओलांडून पुढे जातो.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. अभ्यासक्रम अरबी न येणाऱ्यांसाठी आहे. तिथे 'उत्तम प्रभुत्व आहे' असं लिहिलं तर प्रश्न पडतो, मग हिला हा डिप्लोमा कशाला हवा? आणि प्रवेशानंतरच्या पातळी-चाचणीत ती बोलताना अडखळली, की पत्र खोटं ठरतं. झळ विद्यार्थिनीला बसते. त्या शिक्षकांच्या पुढच्या पत्रांचाही भरवसा कमी होतो.

म्हणून मधल्या परिच्छेदात चार गोष्टी हव्यात: मी हिला कसा आणि किती काळ ओळखतो, वर्गात ती कुठे होती, मी स्वतः काय पाहिलं, आणि काय कमी आहे. शेवटचा मुद्दा लिहायला शिक्षक कचरतात. पण भाषेच्या डिप्लोमात 'काय कमी आहे' हेच अर्जाचं कारण असतं. 'वाचनाच्या मानाने बोलणं मागे आहे, कारण बोलण्याचं वातावरण इथे नाही' या वाक्याने विद्यार्थिनी कमी दिसत नाही. तिथे जाऊन शिकण्याची गरज त्यातून सिद्ध होते.

पूर्ण पत्र मराठीत असं दिसेल

वर सांगितलेल्या विद्यार्थिनीसाठी लिहिलेल्या अरबी पत्राचा मराठी अर्थ असा:

> बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम
>
> सआदत अधिष्ठाता, अरबी भाषा शिक्षण संस्था, महोदय
>
> अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाहि व बरकातुहू. व बअद,
>
> विषय: विद्यार्थिनी फुलाना यांच्यासाठी शिफारस
>
> अरबी भाषेच्या डिप्लोमासाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थिनी फुलाना (पासपोर्ट क्रमांक अमुक) यांची शिफारस करताना मला आनंद होतो. मी त्यांना सलग दोन शैक्षणिक वर्षं व्याकरण आणि वाचन हे विषय शिकवले आहेत.
>
> २२ विद्यार्थ्यांच्या वर्गात व्याकरणात त्यांचा तिसरा क्रमांक आला. दुसऱ्या वर्षी त्यांनी दर आठवड्याला अरबी वर्तमानपत्रातली एक बातमी उर्दूत अनुवादित करून मला दाखवली. हे काम अभ्यासक्रमाचा भाग नव्हतं. सुरुवातीच्या अनुवादांत क्रियापदांच्या रूपांत चुका होत. वर्षाच्या अखेरीस त्या बऱ्याच कमी झाल्या होत्या.
>
> मजकूर विद्यार्थिनी स्वरचिन्हं नसलेला मजकूर शब्दकोशाच्या मदतीने वाचू शकतात. बोलण्यात मात्र त्यांची प्रगती वाचनाइतकी नाही, कारण वर्गाबाहेर अरबी बोलण्याची संधी त्यांना मिळालेली नाही. आपल्या संस्थेतल्या शिक्षणाने ही उणीव भरून निघेल असं माझं मत आहे.
>
> वर्गातली त्यांची हजेरी नियमित आणि वागणूक चांगली होती.
>
> ही शिफारस त्यांच्या विनंतीवरून दिली आहे. माझा अत्यंत आदर स्वीकारावा.
>
> नाव, पद, सही, शिक्का

एका पानात मावणारं हे पत्र आहे. यात 'अत्यंत हुशार' असं कुठेच म्हटलेलं नाही. तरी वाचणाऱ्याच्या मनात विद्यार्थिनीचं चित्र उभं राहतं, आणि हवी ती गोष्ट गुणपत्रिकेशी ताडून बघता येते.

पत्रातला 'फुलाना' हा शब्द बघितलात? नाव सांगायचं नसेल तेव्हा अरबीत पुरुषासाठी 'फुलान' आणि स्त्रीसाठी 'फुलाना' म्हणतात. आपला 'फलाणा' तिथूनच फारसीमार्गे आला. 'मजकूर' सुद्धा तसाच. जुन्या मराठी दस्तऐवजात 'मौजे मजकूर' असतं, आणि अरबी पत्रात 'अल-मजकूरा' म्हणजे 'वर उल्लेख केलेली'. अर्ज, दाखला, तपशील, मुदत, मसुदा, नक्कल, खुलासा हे आपल्या कचेरीतले शब्दही मूळचे अरबी. त्यामुळे मराठी वाचकाला असं पत्र ऐकताना अधूनमधून ओळखीचं वाटतं. पण ही ओळखच पुढे घात करते.

ओळखीचे वाटणारे शब्द, वेगळे अर्थ

आपल्याकडचे बरेच शिक्षक आधी उर्दूत विचार करतात आणि मग अरबीत लिहितात. शब्द दोन्ही भाषांत एकच असतो, अर्थ मात्र सरकलेला असतो. शिफारसपत्रात सगळ्यात महाग पडणारे शब्द दर्जाचे आहेत.

उर्दूत 'जय्यद आलिम' म्हणजे फार मोठा विद्वान. अरबी गुणपत्रिकेत 'जय्यिद' म्हणजे फक्त 'बरा' किंवा 'चांगला'. त्याच्या वर 'जय्यिद जिद्दन' (खूप चांगला), आणि त्याच्याही वर 'मुम्ताज' (उत्कृष्ट). म्हणजे शिक्षकांनी मोठ्या कौतुकाने 'तालिबा जय्यिदा' लिहिलं, तर तिकडे ते वरून तिसऱ्या श्रेणीचं वाचलं जातं.

'मकबूल'चं तर आणखी वाईट. उर्दूत मकबूल म्हणजे लोकप्रिय, सर्वांना आवडणारा. अरबी श्रेणीत 'मकबूल' म्हणजे जेमतेम पास. 'ती शिक्षकांमध्ये मकबूल होती' हे वाक्य अरबीत गेलं की कौतुकाचा ठपका होतो.

संस्थेच्या नावातही घोळ होतो. अरबीत 'जामिआ' म्हणजे विद्यापीठ आणि 'कुल्लिया' म्हणजे महाविद्यालय. आपल्याकडे अनेक मदरशांच्या नावातच 'जामिआ' असतं. नाव बदलायचं नाही, ते प्रमाणपत्रावर असेल तसंच लिहायचं. पण पुढे एका वाक्यात संस्था कोणत्या पातळीचं शिक्षण देते ते सांगायचं. नाहीतर विद्यार्थ्याने विद्यापीठाची पदवी घेतली आहे असा समज होतो, आणि कागदपत्रं तपासताना विसंगती निघते. उलट 'मदरसा' हा अरबीत कुठल्याही शाळेसाठीचा साधा शब्द आहे. जिल्हा परिषदेची मराठी शाळाही अरबीत 'मदरसा'च.

सहीखालच्या पदाचंही असंच आहे. अरब विद्यापीठांत 'उस्ताज' ही प्राध्यापकाची सर्वोच्च श्रेणी आहे. सौदीत सहायक प्राध्यापकाला 'उस्ताज मुसाइद' म्हणतात. आपल्याकडे मात्र कुठल्याही शिक्षकाला आदराने उस्ताद म्हणतात. सहीखाली आपलं खरं पद लिहावं. शाळेतले शिक्षक असतील तर 'मुअल्लिम' पुरेसं आहे.

मुलाचा नमुना मुलीला

इंटरनेटवरचे बहुतेक नमुने पुल्लिंगी असतात. मराठीप्रमाणे अरबीतही लिंगानुसार शब्द बदलतात, पण मराठीपेक्षा जास्त ठिकाणी. 'तालिब'चं 'तालिबा' होतं, 'मुज्तहिद'चं 'मुज्तहिदा'. 'मी त्याला शिकवलं' हे 'दर्रस्तुहू', तर 'मी तिला शिकवलं' हे 'दर्रस्तुहा'. वर्तमानकाळी क्रियापदाचं पहिलं अक्षरही बदलतं: तो 'युत्किनु', ती 'तुत्किनु' (प्रावीण्य मिळवते).

लिहिताना हा फरक एखाद्या अक्षराचा किंवा टिंबाचा असतो, म्हणून नजरेतून सुटतो. पत्राच्या वरच्या ओळीत मुलीचं नाव आणि खाली चार ठिकाणी 'तो' आला, की पत्र उचललेलं आहे हे पाच सेकंदांत कळतं. तपासण्याची सोपी रीत अशी: पत्र छापून घ्या आणि विद्यार्थिनीबद्दलचा प्रत्येक शब्द पेन्सिलीने गोल करा. मग प्रत्येक गोलात स्त्रीलिंग आहे का ते बघा. शिक्षक स्वतः पुरुष असोत की स्त्री, 'मी शिकवलं' हे रूप मात्र अरबीत एकच राहतं, तिथे बदल करावा लागत नाही.

एका ओळीने सगळं पाणी फिरतं

तयार नमुन्यांत एक शेपूट बऱ्याचदा दिसतं: 'दून अदना मसऊलिया', म्हणजे 'किंचितही जबाबदारी न घेता'. हे वाक्य कंपन्यांच्या पत्रांतून आलं आहे. कर्मचाऱ्याला बँकेत द्यायला पगाराचं पत्र हवं असतं, तेव्हा कंपनी लिहिते की हा आमच्याकडे काम करतो, पण याच्या कर्जाची जबाबदारी आमची नाही. तिथे ते रास्त आहे.

शिफारसपत्रात हेच वाक्य आलं तर अर्थ काय होतो? मी शिफारस करतो, पण माझ्या शिफारशीची जबाबदारी घेत नाही. 'तिच्या विनंतीवरून दिलं' इथपर्यंत ठीक आहे. त्यापुढचं शेपूट काढून टाकायचं.

'इला मन युहिम्मुहू अल-अम्र', म्हणजे 'ज्यांचा संबंध असेल त्यांच्यासाठी', या मथळ्याचंही तसंच. एकच पत्र पाच ठिकाणी वापरायचं असेल तर ते सोयीचं असतं. पण एका ठरावीक संस्थेसाठी पत्र असेल, तर तिचं नाव आणि अभ्यासक्रमाचं नाव घालायला दोन मिनिटं लागतात, आणि पत्र त्यांच्यासाठीच लिहिलंय हे दिसतं.

नाव, लिपी आणि तारीख

मराठी आडनावं अरबी लिपीत लिहिताना खरी कसरत होते. अरबीत प, च आणि ग या ध्वनींना प्रमाण अक्षरं नाहीत. 'पाटील' लिहिताना प चा ब होतो आणि 'बातील' वाचलं जातं. 'चौगुले'मधला च लिहायला त आणि श जोडतात. ग साठी तर देशागणिक वेगळं अक्षर वापरतात: इजिप्तमध्ये एक, इतरत्र दुसरं. परिणाम असा की एकाच मुलाचं आडनाव प्रमाणपत्राच्या अरबी भाषांतरात एक, शिफारसपत्रात दुसरं आणि ऑनलाइन अर्जात तिसरं होतं.

उपाय साधा आहे. अर्जात जे अरबी रूप भरलं, तेच सगळीकडे ठेवायचं. त्याच्या शेजारी पासपोर्टवरचं रोमन लिपीतलं नाव आणि पासपोर्ट क्रमांक लिहायचा. मग 'बातील' कोण हा प्रश्न उरत नाही.

दुसरी अडचण कीबोर्डची. अनेकांच्या फोनमध्ये उर्दू कीबोर्ड असतो. उर्दू आणि अरबी अक्षरं दिसायला सारखी असली तरी काहींचे संगणकीय संकेत वेगळे आहेत. उर्दूतला 'ये' U+06CC आहे, अरबीतला U+064A. उर्दूतला 'काफ' U+06A9, अरबीतला U+0643. छापील पत्रात याने फार बिघडत नाही, एवढंच की शब्दाच्या शेवटी उर्दू 'ये'खाली दोन टिंबं दिसत नाहीत. पण ऑनलाइन अर्जात नाव उर्दू कीबोर्डने भरलं तर तेच नाव अरबी कीबोर्डने शोधल्यावर सापडेलच असं नाही. म्हणून फोनमध्ये अरबी कीबोर्ड वेगळा जोडून घ्या. फाँटही उर्दूच्या नस्तालीक वळणाचा नको, साधा नस्ख वळणाचा हवा.

तारखेचं काय? सौदी पत्रांत हिजरी आणि इसवी अशा दोन्ही तारखा लिहिण्याची पद्धत आहे. सौदीची सरकारी दिनदर्शिका 'उम्म अल-कुरा' नावाने ओळखली जाते आणि ती आधीच गणिताने ठरलेली असते. भारतात महिना चंद्रदर्शनावर ठरतो, त्यामुळे आपली हिजरी तारीख बहुतेक वेळा एक दिवस मागे असते. यात घोटाळा नको असेल तर इसवी तारीख ठळक लिहा. हिजरी लिहायचीच असेल तर उम्म अल-कुरा दिनदर्शिकेतली घ्या.

आणि पत्र नेहमी पीडीएफ करून पाठवा. वर्डची फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या मजकुरात अधेमधे आलेले पासपोर्ट क्रमांक आणि तारखा जागा बदलतात. पीडीएफ केल्यावरही क्रमांक एकदा अंकाअंकाने वाचून बघा.

शिक्षकांना अरबी येत नसेल तर?

विद्यार्थ्याला सगळ्यात चांगलं ओळखणारे शिक्षक इतिहासाचे किंवा इंग्रजीचे असू शकतात. अशा वेळी विद्यार्थी अरबी पत्र स्वतःच तयार करून आणतात आणि सर सही करतात. हे टाळावं. न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करणं शिक्षकांसाठी धोक्याचं आहे. संस्थेने फोन किंवा ईमेल करून विचारलं, तर पत्रात काय लिहिलंय हे त्यांना सांगता येणार नाही, आणि नुकसान विद्यार्थ्याचं होईल.

त्यापेक्षा शिक्षकांनी इंग्रजीत पत्र लिहावं, त्यावर सही-शिक्का करावा आणि अधिकृत अनुवादकाकडून त्याचं अरबी भाषांतर करून घ्यावं. मूळ पत्र आणि भाषांतर दोन्ही जोडायची. भाषांतर झाल्यावर वर सांगितलेल्या तीन गोष्टी अनुवादकाला आवर्जून विचारा: लिंग बरोबर आहे का, दर्जाचा शब्द कोणता वापरला, आणि नावाचं रूप अर्जातल्यासारखंच आहे का.

आणखी एक शंका हमखास येते: या पत्राला अपोस्टिल लागतं का? अपोस्टिल म्हणजे एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या देशाने मानावा यासाठीचा शिक्का. भारत या करारात २००५ पासून आहे, आणि सौदी अरेबियात तो डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. पण तो प्रामुख्याने पदवी, गुणपत्रिका, जन्मदाखला अशा कागदांसाठी असतो. शिफारसपत्र म्हणजे शिक्षकांचं मत. संस्थेने यादीत स्पष्ट लिहिलं असेल तरच त्याच्या प्रमाणीकरणाच्या मागे लागा. नाहीतर तो वेळ आणि पैसा पदवीच्या कागदांसाठी ठेवा.

पाठवण्याआधी एवढं बघा

- अर्जात तौसिया मागितली आहे की तजकिया, आणि पत्र त्याच प्रश्नाचं उत्तर देतं का?
- किती काळ ओळख, कोणता विषय शिकवला आणि वर्गातलं स्थान हे तिन्ही आलं आहे का?
- शिक्षकांनी स्वतः पाहिलेली निदान एक गोष्ट त्यात आहे का?
- 'जय्यिद', 'मकबूल' असे शब्द उर्दू अर्थाने तर आलेले नाहीत ना?
- मुलीच्या पत्रात सगळीकडे स्त्रीलिंग आहे का?
- 'जबाबदारी न घेता' हे शेपूट काढलं का?
- नाव आणि पासपोर्ट क्रमांक अर्जाशी जुळतात का?
- सही, पद, शिक्का आणि शिक्षकांचा संपर्क आहे का?

यातली कुठलीही गोष्ट तपासायला अरबीचं मोठं ज्ञान लागत नाही. अरबी वाचता येणारी एक व्यक्ती शेजारी बसवली, तर अर्ध्या तासात होणारं हे काम आहे.